नळ गेला की होज पाईप उलटं पाणी ओढतो, त्यावर व्हॅक्युम ब्रेकर

प्रश्न: आमचं परभणीत दोन मजली घर आहे. आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही रात्री. म्हणून अंगणातल्या तोटीला पाईप लावून त्याचं टोक ड्रममध्ये सोडून ठेवतो आणि तोटी उघडीच ठेवतो. नळ गेला की पाईपमधून सूं सूं आवाज येतो आणि भरलेला ड्रम सकाळी चार बोटं कमी झालेला दिसतो. गेल्या वेळी सुरुवातीच्या पाण्याला साबणाचा वास होता. प्लंबर म्हणतो व्हॅक्युम ब्रेकर लावा, दीर म्हणतात एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं न जाऊ देणारी झडप, पुरे. नक्की काय लावू? संडासच्या फ्लशलाही लागतो का?

उत्तर:

ताई, तोटीला व्हॅक्युम ब्रेकर लावा, म्हणजे पाईपमध्ये हवा सोडून उलटी ओढ तोडणारा तुकडा. प्लंबर बरोबर सांगतोय. पण तो आणायच्या आधी, आजच, पाईपचं टोक ड्रमच्या पाण्यातून बाहेर काढा. कडेच्या किमान एक इंच वर येईल असं ते तारेने बांधून टाका. याला एक पैसा लागत नाही आणि निम्म्याहून जास्त धोका इथेच संपतो. फ्लशचं उत्तर थोडं वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

ड्रम चार बोटं कमी होतो हे तुम्ही लिहिलंत, ते फार महत्त्वाचं आहे. दोनशे लिटरचा ड्रम साधारण 57 सेंटिमीटर रुंद असतो. त्यात चार बोटं, म्हणजे सात सेंटिमीटर पाणी उतरलं तर सतरा-अठरा लिटर होतात. ते वाफ होऊन गेलेलं नाही आणि ड्रम गळतही नाही. ते तुमच्या पाईपमधून, तुमच्या उघड्या तोटीतून, नगराच्या लाईनमध्ये परत गेलं. गल्लीत पुढच्या वेळी नळ आला तेव्हा पहिल्यांदा जे पाणी कुणाच्या तरी घागरीत पडलं, त्यात तुमच्या ड्रममधलं पाणी होतं. तुमच्याकडे साबणाचा वास आला, तो बहुतेक अशाच कुणाच्या तरी धुण्याच्या टबातून आला असणार.

हे कसं होतं ते मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही, फक्त आपण ते नळाशी जोडून पाहत नाही. ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढताना नळीचं एक टोक टाकीत बुडवतात, दुसरं तोंडाने ओढून खाली कॅनमध्ये सोडतात. एकदा नळी भरली की पुढे कुणी ओढावं लागत नाही, टाकी वर आणि कॅन खाली आहे तोवर डिझेल आपोआप येत राहतं. तुमच्या अंगणात ड्रम ही टाकी आहे, होज पाईप ही नळी आहे आणि गल्लीतली लाईन हा कॅन. तोंडाने ओढायचं काम लाईन स्वतःच करते. पाणी सोडणं बंद झालं की लाईनमधलं उरलेलं पाणी उताराच्या घरांकडे वाहून जातं आणि मागे पोकळी राहते. त्या पोकळीत हवा शिरायला वाट मिळाली तर काही बिघडत नाही. पण जिथे तोटी उघडी आहे आणि तिच्या पाईपचं टोक पाण्यात बुडालेलं आहे, तिथून हवेऐवजी पाणी शिरतं. तुमचा सूं सूं आवाज म्हणजे लाईनने घेतलेला श्वास. आवाज येतो तोवर ती हवा ओढत असते. आवाज येत नाही आणि ड्रम उतरतो, तेव्हा ती पाणी ओढत असते.

हा वेग किती असतो ते मी एकदा बादली आणि घड्याळ लावून पाहिलं आहे. अर्ध्या इंचाचा दहा मीटर पाईप आणि दोन टोकांत एक मीटरचा उतार, एवढ्यावर मिनिटाला सात लिटरच्या आसपास पाणी उलटं जातं. वीस लिटरची बादली तीन मिनिटांत रिकामी होते. खाली कुणी लाईनला थेट मोटर लावली असेल तर उताराचीही गरज राहत नाही. मोटर लाईनमध्ये जेवढी पोकळी करेल तेवढ्या जोराने प्रत्येक उघडी तोटी ओढली जाते. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण चारशे-पाचशे मीटर उंच आहे. इथे पूर्ण पोकळी झाली तरी हवेचा दाब पाण्याला पावणेदहा मीटरपर्यंतच चढवू शकतो, आणि साधी मोटर सहा-सात मीटरपर्यंत ओढते. म्हणजे लाईनपेक्षा खाली ठेवलेल्या बादलीतलं पाणीसुद्धा वर चढून रस्त्याच्या लाईनमध्ये येऊ शकतं.

एक प्रकरण सांगतो, कारण तुमच्या घराशी ते बरंच जुळतं. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात उताराची गल्ली होती. शेवटच्या घरातल्या मावशींची तक्रार होती की नळ आला की पहिल्या दोन-तीन बादल्या दुधट येतात आणि फवारणीचा वास मारतो. पाणीपुरवठ्याची माणसं दोनदा येऊन गेली. गटाराजवळ लाईन फुटली असेल म्हणून त्यांनी खोदून पाहिलं, लाईन धडधाकट निघाली. मला बोलावलं तेव्हा मी मावशींना एवढंच विचारलं, "वास नळ येतानाच येतो की पुढंही राहतो?" त्या म्हणाल्या, "नाही बाबा, पहिल्या बादल्या फेकल्या की पाणी काचेसारखं." लाईन गटारात फुटली असती तर वास मैल्याचा आला असता. फवारणीचा वास होता, म्हणजे घाण कुणाच्या तरी घरातून येत होती. आणि ती फक्त सुरुवातीला येत होती, म्हणजे नळ नसतानाच्या काळात लाईनमध्ये शिरून बसत होती.

म्हणून नळ येताना थांबण्याऐवजी मी नळ जाताना गल्लीत फिरलो. सहा घरं वर एका ओट्यावर ड्रम होता. त्यात कपाशीच्या फवारणीचा पंप आणि डबे धुतलेलं पाणी होतं आणि तोटीचा पाईप थेट तळापर्यंत सोडलेला होता. ओटा रस्त्यापासून दोन फूट उंच, ड्रममधलं पाणी त्यावर अडीच-पावणेतीन फूट. म्हणजे पाण्याची पातळी रस्त्याच्या दीड मीटर वर. मावशींचं घर तिथून अडीच मीटर खाली होतं, आणि दाब कमी म्हणून त्यांनी तोटी मीटरभर खोल खड्ड्यात घेतली होती, जशी आपल्याकडे निम्म्या गावांत घेतात. बेरीज केली तर पाच मीटरचा उतार झाला. मावशींची खड्ड्यातली तोटीही कायम उघडी, नळ आलेला कळावा म्हणून. नळ गेला की ड्रम वर, खड्डा खाली आणि मधे भरलेली लाईन. डिझेल काढायची नळी जणू मुद्दाम जोडून ठेवली होती.

खात्री करायची म्हणून विषाचा ड्रम आधी बाजूला काढून टाकायला लावला. त्या जागी धुतलेला रिकामा ड्रम ठेवून साधं पाणी भरलं आणि त्यात जिलेबीचा खायचा रंग कालवला. पुढच्या पाळीला नळ गेल्यावर गल्लीत सगळ्यांना सांगितलं की आता कुणी पाणी भरू नका. पंचवीस मिनिटांत मावशींच्या खड्ड्यात केशरी पाणी आलं. ओट्याचे मालक भले माणूस होते. ते बघून त्यांनी त्याच दिवशी पाईप ओढून काढला, त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही. त्या गल्लीत कुणीही मुद्दाम काही वाईट केलं नव्हतं. नळ कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून सगळ्यांनी तोट्या उघड्या ठेवल्या होत्या. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या काळात तर आठवडे-आठवडे तोट्या उघड्या राहिल्या.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 1933 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन मोठ्या हॉटेलांत सदोष प्लंबिंगमुळे मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि सुमारे 1400 लोकांना अमीबाचा आमांश झाला. जवळजवळ शंभर माणसं गेली. संडासचे फ्लश आणि नळाच्या जोडण्या यांवर हवेची वाट ठेवायचे नियम तिकडे कडक झाले, त्यात या घटनेचा मोठा वाटा आहे.

आता व्हॅक्युम ब्रेकर हातात घेऊन बघा. तोटीला लावायचा जो असतो तो पितळेचा, अंगठ्याएवढा जाड तुकडा असतो. एका बाजूला तोटीवर बसणारे आटे, दुसऱ्या बाजूला पाईपसाठी आटे, आणि मधे अंगावर गोलाकार बारीक छिद्रं. आत रबराची चकती आणि तिच्या मागे हलकी स्प्रिंग असते. पाणी आलं की दाबाने चकती पुढे सरकते, तिच्या कडेने ती छिद्रं झाकली जातात आणि पाणी सरळ पाईपमध्ये जातं. पाणी गेलं की स्प्रिंग चकतीला मागे ढकलते. चकती आत येणारं तोंड बंद करते, आणि त्याच क्षणी छिद्रं उघडी होऊन बाहेरची हवा पाईपमध्ये शिरते. नळी भरलेली असेल तरच डिझेल येतं, मधे हवा शिरली की धार तुटते. इथे नेमकं तेच होतं. ड्रममधलं पाणी ओढायला जी अखंड पाण्याची दोरी लागते ती तोटीपाशीच तुटते.

तोटी बंद केल्यावर त्या छिद्रांतून दोन-चार चमचे पाणी उडतं. ते बघून बरेच लोक "गळतोय" म्हणून काढून टाकतात. तसं करू नका, पाईपमधलं अडकलेलं पाणी हवेला जागा देतं आहे. पण तोटी उघडी असताना, चांगला दाब असताना छिद्रांतून सतत पाणी येत असेल तर मात्र चकतीखाली कचरा अडकला आहे किंवा रबर गेलं आहे.

दीरांचं म्हणणं समजून घेऊ. एनआरव्ही पाणी एकाच दिशेने जाऊ देतो, मग उलटं कसं येईल, असं त्यांना वाटतं आणि ते वाटणं चुकीचं नाही. अडचण आपल्या पाण्याची आहे. लाईन आठवडाभर कोरडी राहिली की आतला गंज आणि गाळ सुटतो, आणि नळ आला की पहिल्या धारेबरोबर वाळू येते. एनआरव्हीच्या बैठकीवर तांदळाएवढा खडा अडकला की झडप पूर्ण मिटत नाही. वरून पाण्याचा मोठा दाब मागे असेल तर ती घट्ट दाबून तरी बसते. पण इथे मागे ओढणारा दाब मीटर-दीड मीटरचा, एवढ्याशा ओढीने बरेच स्विंग एनआरव्ही नीट मिटतसुद्धा नाहीत. मी उघडलेल्या जुन्या एनआरव्हींत अशी अर्धवट उघडी राहिलेली झडप नेहमी दिसते, आणि बाहेरून ते कळायला कसलाच मार्ग नसतो. व्हॅक्युम ब्रेकरमध्येही खडा अडकू शकतो. फरक इतकाच की चकती आतल्या तोंडावर नीट बसली नाही तरी छिद्रं उघडलेलीच असतात, हवा शिरते आणि दोरी तुटते. बिघडला तरी तो छिद्रांतून गळून आपल्याला सांगतो.

याची दुसरी बाजूही सांगतो. व्हॅक्युम ब्रेकर फक्त ओढलं जाणारं पाणी थांबवतो. पाईपच्या दुसऱ्या टोकाकडून कुणी जोराने ढकललं, म्हणजे पाईप एखाद्या मोटरीच्या डिलिव्हरीला जोडला, किंवा बोअरची लाईन आणि नळाची लाईन एकत्र केली, तर तिथे त्याचा उपयोग नाही. तिथे दोन्ही लाईनी तोडून वेगळ्या करणं हाच मार्ग आहे. पाईप गच्चीवरच्या टाकीत नेऊन सोडला असेल तरी तोच प्रश्न येतो. तोटीवर बसणारे ब्रेकर पाईपमधल्या साधारण तीन मीटर उभ्या पाण्यापर्यंतच सोसतात. तुमचं घर दोन मजली आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहिली.

आता तुमच्या तोटीवर काय बसेल ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. ऑनलाईन मिळणारे बरेच ब्रेकर अमेरिकेतल्या होज आट्यांचे असतात. त्यांना पाऊण इंच म्हणतात, पण आपल्याकडच्या पाऊण इंच बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या, आट्यांवर ते एक-दोन फेऱ्यांत अडतात. लोक टेफ्लॉन गुंडाळून जबरदस्तीने बसवतात, मग आटे कापले जातात आणि गळती कायमची. दुकानात तोटीचं नोझल काढून सोबत न्या आणि त्याच आट्यांवर बसणारा मागा. आपल्याकडच्या नोझलच्या तोट्यांना बहुतेक अर्धा किंवा पाऊण इंच बीएसपी असतो. टेफ्लॉन लागलंच तर आट्यांच्या टोकापासून एक फेरा सोडून लावा, नाहीतर त्याचे धागे थेट चकतीखाली जाऊन बसतात.

उंचीचा विचारही करावा लागतो. साध्या, स्प्रिंग नसलेल्या ब्रेकरला हवेचा किंवा वातावरणाचा ब्रेकर म्हणतात. तो पुढच्या सगळ्यात उंच पाण्याच्या पातळीच्या निदान 150 मिलिमीटर वर असावा लागतो. दोनशे लिटरच्या ड्रमची कड जमिनीपासून जवळजवळ 88 सेंटिमीटरवर येते, म्हणजे असा ब्रेकर जमिनीपासून 103 सेंटिमीटरच्या वर हवा. तुमची अंगणातली तोटी गुडघ्याएवढी असेल तर तो तिथे चालणार नाही, आणि तोटी वर घेतली तर कमी दाबाला पाणीच चढणार नाही. म्हणून तुमच्यासाठी तोटीवर बसणारा स्प्रिंगचा ब्रेकरच योग्य. तरीही पाईपचं टोक पाण्याच्या वर बांधायचंच. गल्लीच्या शेवटी दाब फारच कमी असेल, पाणी बोटाएवढ्या धारेने येत असेल, तर चकती छिद्रं पुरती झाकणार नाही आणि थोडं पाणी बाहेर सांडत राहील. अशा घरांत मी ब्रेकरचा आग्रह सोडतो आणि फक्त हवेच्या अंतरावर, म्हणजे पाईपचं टोक आणि ड्रमची कड यांच्यातल्या मोकळ्या जागेवर, भर देतो. तोटीच्या तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर, आणि कसंही झालं तरी एक इंचाहून कमी नाही. अर्ध्या इंचाच्या धारेला एक इंच पुरतो, भिंतीला खेटून असेल तर दीड इंच ठेवा.

एक सवय आवर्जून बदला. पाईपच्या टोकाला स्प्रे गन लावून ती बंद करतात आणि तोटी मात्र उघडीच ठेवतात. मग ब्रेकर सतत दाबाखाली राहतो. हे ब्रेकर सलग बारा तासांहून जास्त दाबाखाली ठेवण्यासाठी नसतात. दाबाखाली रबर छिद्रांना चिकटून बसतं आणि नेमक्या वेळी सुटत नाही. काम झालं की तोटी बंद करायची, गन नाही.

आणि फवारणीच्या ड्रमसाठी मी कुठल्याच यंत्रावर विसंबत नाही. त्या ड्रममध्ये पाणी बादलीनेच ओतायचं. नळाचा पाईप त्या ड्रमच्या जवळपासही नको.

आता फ्लश. तुमच्याकडे प्लॅस्टिकची किंवा चिनी मातीची टाकी असेल, जी भरते आणि बटण दाबलं की रिकामी होते, तर वेगळा ब्रेकर लागत नाही. फक्त आतला भरणारा व्हॉल्व्ह ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापेक्षा वर आहे ना ते बघा. चांगल्या व्हॉल्व्हवर सीएल, म्हणजे क्रिटिकल लेव्हल, अशी खूण असते, ती ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा किमान 25 मिलिमीटर वर हवी. काही प्लंबर आवाज कमी यावा म्हणून व्हॉल्व्ह खाली सरकवतात किंवा भरणारी नळी टाकीच्या पाण्यात बुडवतात, तसं केलं असेल तर परत वर घ्या.

मेटलचा फ्लश कॉक असेल, ज्याचा जाड पाईप सरळ भांड्याच्या काठापर्यंत जातो, तर तिथे लागतो. रोजच्या स्थितीत भांड्यातलं पाणी फ्लशच्या तोंडाच्या बरंच खाली असतं, म्हणून वरवर काही धोका दिसत नाही. पण भांडं तुंबलं की पाणी कडेपर्यंत चढतं आणि फ्लशचं तोंड बुडतं. आपलं देशी बैठकीचं भांडं तर फरशीच्या बरोबरीने असतं, तुंबलं की सगळी फरशीच पाण्याखाली. त्याच वेळी वरची टाकी रिकामी झाली किंवा कुणी दुरुस्तीसाठी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खालच्या मजल्यावर स्वयंपाकघरातली तोटी उघडली, तर डाऊनटेकमधलं, म्हणजे टाकीतून खाली येणाऱ्या पाईपमधलं, पाणी खाली उतरताना मागे पोकळी करतं. दोन मजल्यांची उंची धरली तर ही ओढ पाच-सहा मीटरची होते. फ्लश कॉक त्या वेळी कुणी दाबलेला असेल, किंवा वॉशर जाऊन तो गळत असेल, तर भांड्यातलं पाणी त्याच पाईपने वर जाऊन स्वयंपाकघराच्या लाईनमध्ये येतं. म्हणून फ्लशचा ब्रेकर कॉकच्या पुढे, म्हणजे कॉक आणि भांडं यांच्या मधे बसतो, आणि त्याची खूण भांड्याच्या काठापासून किमान 150 मिलिमीटर वर यावी लागते. कॉकच्या आधी बसवला तर तो कायम दाबाखाली राहतो आणि निकामी होतो. ही चूक मी नवीन इमारतींतही पाहिली आहे. काही भिंतीतल्या फ्लश व्हॉल्व्हमध्ये ब्रेकर आतच असतो, घेताना पेटीवरच्या माहितीत ते बघून घ्या.

दोन मजली घरात माझा पहिला सल्ला त्याहूनही सोपा असतो. गच्चीवर टाकीतून डाऊनटेक निघतो तिथे व्हॉल्व्हच्या लगेच पुढे एक टी लावा. तिच्यातून अर्ध्या इंचाचा पाईप उभा नेऊन टाकीच्या वरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा फूटभर वर काढा आणि तोंड खाली वळवून जाळी लावा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद झाला की या पाईपने हवा आत येते आणि पूर्ण डाऊनटेकमध्ये पोकळीच होत नाही. घरातल्या सगळ्या नळांना एकाच ठिकाणी हवा मिळाली. हा पाईप टाकीच्या पाण्याच्या खाली ठेवलात तर टाकी भरली की त्यातून पाणी वाहील. शक्य झालं तर फ्लशसाठी टाकीतून वेगळा डाऊनटेक घ्या. आणि फ्लश कॉक कधीही थेट नळाच्या लाईनवर नको.

संडासातल्या जेट स्प्रेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तो राहायला नको. त्याला तोटीचा ब्रेकर लावू नका, कारण त्याचं बटण पुढे असतं आणि पाईप कायम दाबाखाली असतो. जेट बादलीत किंवा भांड्यात पडू देऊ नका, हुक उंच लावा आणि वापर झाला की अँगल कॉक बंद करा.

लावल्यावर तपासून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. तोटीला ब्रेकर आणि त्याला पाईप लावा. पाईपचं टोक स्वच्छ बादलीत बुडवा, बादलीत थोडा खायचा रंग घाला. तोटी उघडून पाईप पूर्ण भरू द्या. मग मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा आणि त्याच लाईनवरची घरातली सगळ्यात खालची दुसरी तोटी उघडा. ब्रेकर नीट असेल तर छिद्रांतून फुस्स असा हवेचा आवाज येईल, थोडं पाणी उडेल, आणि बादलीची पातळी जिथल्या तिथे राहील. बादलीच्या आत पेन्सिलीने रेघ मारून ठेवा म्हणजे डोळ्यांना शंका राहत नाही. पाच मिनिटांनी पातळी रेघेखाली गेली किंवा खालच्या तोटीत रंग दिसला तर ब्रेकर काम करत नाही. तसं झालं तर खालच्या तोटीतून रंग जाईपर्यंत पाणी सोडून द्या. ब्रेकर काढून चकती बघा. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्याने तिच्यावर पांढरा थर बसतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून जुन्या टूथब्रशने तो निघतो. रबर कडक झालं असेल किंवा कडेला चीर असेल तर चकती बदला, धुऊन ती चालणार नाही. मी हे दरवर्षी मे अखेरीस, पावसाच्या आधी करतो.

तुमचा नळ पुढच्या वेळी येईल तेव्हा पहिल्या दोन बादल्या झाडांना घाला, वास घ्या, आणि पाणी स्वच्छ आल्यावरच भरा. आणि शेजारच्या दोन-तीन घरांत जाऊन त्यांचे पाईप कुठे बुडलेले आहेत ते बघून या. तुमचा ब्रेकर तुमच्या ड्रममधलं पाणी लाईनमध्ये जाऊ देणार नाही, पण त्यांच्या टबातलं पाणी तुमच्या घागरीत येणं त्यांच्याच तोटीवर थांबवावं लागेल.